उसाच्या ट्रॉलीमागची दोन ओळींची कविता

रस्ता सुरक्षेचा सरकारी कार्यक्रम पूर्वी आठवड्याचा असे, २०२१ साली तो पहिल्यांदा महिन्याचा झाला. तो येतो जानेवारीच्या सुमारास, म्हणजे सांगली, सोलापूर, नगरच्या पट्ट्यात ऐन गाळपाच्या हंगामात. तालुक्याच्या गावात शाळांमध्ये घोषवाक्यांची स्पर्धा होते, निकाल लागतो आणि पहिल्या पाच कविता फ्लेक्सवर छापून चौकात टांगल्या जातात. बहुतेक कविता आठ ओळींच्या असतात. त्यात यम असतो, वाट पाहणारी आई असते, कुंकू असतं. आणि शेजारून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मागे एकही दिवा नसताना अंधारात निघून जातो.

या कवितांचं पहिलं दुखणं काव्यगुणांचं नसून गणिताचं आहे. पाटीवरचं अक्षर जेवढे सेंटिमीटर उंच, त्याच्या साधारण साडेतीन पट मीटर अंतरावरून ते वाचता येतं, असा वाहतूक अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. १५ सेंटिमीटरचं अक्षर म्हणजे सुमारे ५० मीटर. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल हे अंतर साडेचार सेकंदांत कापते. त्यातले दोन सेकंद पाटी नजरेत भरायलाच जातात आणि मग एकेका शब्दाला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. हिशेब केला तर हाती उरतात सात शब्द. वेग ६० झाला की तीनच. हा ठोकताळा रोमन अक्षरांवरून बसवलेला आहे. आपल्याकडे शिरोरेघेवर वेलांटी चढते, खाली उकार लोंबतो आणि ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरं लांबून काळा ठिपका होतात. त्यामुळे आपण आणखी एखादा शब्द कमीच धरावा. आठ ओळींची कविता जाणाऱ्याला वाचता येणारच नाही, आणि त्याने वाचायचा प्रयत्न केला तर ते जास्त वाईट.

तेव्हा लिहिणाऱ्याने कागद घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी: वाचणारा चालता आहे की थांबलेला? चालत्यासाठी चार शब्द पुरेत.

पुढे शाळा,
वेग टाळा.

आठच अक्षरं आहेत आणि त्यात एकही जोडाक्षर नाही. यमक ‘शाळा’वर आणि ‘टाळा’वर पडतं, म्हणजे कुठे आणि काय या दोन्ही प्रश्नांवर. नेमका वेग किती, हे सांगायला लाल वर्तुळातला आकडा शेजारी असतोच. ते काम कवितेने अंगावर घेऊ नये.

चालत्या माणसाला थोडं लांब काही सांगायचंच असेल, तर अमेरिकेतल्या ‘बर्मा-शेव्ह’ या दाढीच्या क्रीमवाल्यांनी त्याची युक्ती काढून ठेवली आहे. मिनेसोटात १९२५ साली त्यांनी सुरुवात केली आणि १९६३ पर्यंत त्यांच्या पाट्या रस्तोरस्ती होत्या. एक कविता सहसा सहा छोट्या पाट्यांवर तोडलेली असे. पाट्यांमध्ये सुमारे ३० मीटर अंतर आणि प्रत्येकीवर दोन-तीन शब्द. शेवटच्या पाटीवर कंपनीचं नाव. पुढे पुढे त्यातल्या बऱ्याच कविता भरधाव गाडी हाकणाऱ्यांची टिंगल करणाऱ्या झाल्या. यमक कुठे जुळतंय या उत्सुकतेने माणूस पुढची पाटी शोधत राही, आणि एका वेळी त्याची नजर दोन-तीन शब्दांपुरतीच रस्ता सोडे.

हे आपल्याकडे करायचं तर चार पाट्या पुरतील. छोट्या गावात हेल्मेट न घालण्याचं कारण एकच असतं, ते थेट पाटीवर घ्यावं.

जवळच जायचंय,
हेल्मेट नाय.
डांबराला
कळतं काय?

प्रत्येक ओळ एका पाटीवर. पहिलीपासून चौथीपर्यंत ९० मीटर सरळ रस्ता हवा. ४० च्या वेगाला दोन पाट्यांमध्ये पावणेतीन सेकंद मिळतात. मध्ये फाटा किंवा झेब्रा पट्टे असतील तर ती जागा सोडून द्यावी, कारण तिथे नजर दुसरीकडेच हवी. खरी अडचण मात्र वेगळी आहे. तिसऱ्या पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला की ‘हेल्मेट नाय, कळतं काय?’ एवढंच उरतं आणि डांबराचा सगळा विनोद जातो. म्हणून पाट्या लावणाऱ्याने आठवड्यातून एकदा त्या रस्त्याने स्वतः जाऊन यावं.

भीती घालण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आपल्या स्पर्धांमध्ये बक्षीस बहुधा यमालाच मिळतं. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये महामार्गावरच्या विजेच्या फलकांवर दर महिन्यातला एक आठवडा वर्षातल्या अपघाती मृत्यूंचा आकडा दाखवत. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं, की आकडा झळकत असताना फलकापुढच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढत होते. धसकणारा मजकूर डोक्यात घोळत राहतो आणि हातातली गाडी तेवढा वेळ सुटी पडते, असं अभ्यासकांचं स्पष्टीकरण आहे. मला ते पटतं. मरणाची कविता लिहायचीच असेल तर ती एसटी स्टँडवर लावा, वळणावर नको.

लांब कवितेची खरी जागा थांबलेल्या माणसापुढे आहे. असा माणूस छोट्या गावात पुष्कळ सापडतो, पण हंगामात सगळ्यांत मोठी गर्दी असते ती साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत. ट्रॅक्टरवाले तिथे तासन्‌तास बसून असतात. रात्रीच्या रस्त्यावर ज्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते तो माणूस हाच आहे, आणि चौकातला फ्लेक्स त्याला उद्देशून कधीच नसतो.

त्याच्यासाठी लिहायचं तर आधी ट्रॉलीमागे जाऊन उभं राहावं. काय दिसतं? परावर्तक पट्टी नसते, किंवा असते पण धुळीने मेलेली असते. दिवा असला तर त्याच्यावर उसाचे शेंडे लोंबत असतात. म्हणजे सांगण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत, पट्टी आणि दोर. ‘सुरक्षा’, ‘जीवन’, ‘अनमोल’ यांची गरजच पडत नाही. ओव्या-अभंगांनी कानात बसवलेली आठ अक्षरांची चाल घेतली की ओळी आपोआप येतात.

मागे लावा लाल पट्टी,
अंधाराशी नको गट्टी.
लोंबे ऊस, झाके दिवा,
बांधा दोर, जपा जिवा.

यात यमकाची जागा पाहावी. ‘पट्टी’ हीच वस्तू लावायची आहे, ती ओळीच्या शेवटी आहे आणि ‘गट्टी’ तिला पुन्हा कानात वाजवते. स्पर्धेतल्या कवितांत शेवटचा शब्द बहुधा ‘जीवन’ किंवा ‘मरण’ असतो. मग लक्षात तोच राहतो आणि करायचं काय ते ओळीच्या मध्ये हरवतं. दुसरी खोड म्हणजे ‘करा-धरा-बरा’ अशी क्रियापदांची यमकं. ती कितीही जुळतात, म्हणूनच कोणती ओळ कोणत्या कवितेतली ते आठवत नाही. चौथ्या ओळीतलं ‘जपा जिवा’ तसं मलाही थोडं गुळगुळीत वाटतं. पण ‘बांधा दोर’ आधी येऊन गेलेलं आहे, म्हणून ते खपून जातं.

इथे फ्लेक्सपेक्षा भिंत बरी. रांगेतल्या ट्रॅक्टरच्या सीटवरून समोर दिसेल एवढ्या उंचीवर, पांढऱ्यावर काळ्या ऑइलपेंटने पेंटरकडून लिहून घ्यावं, आणि पट्टी मात्र खरीच चिकटवावी, म्हणजे हेडलाइट पडला की ती भिंतीवर चमकेल.

उपयोग झाला का, हे इतर ठिकाणी कळणं कठीण असतं. काट्यावर सोपं आहे, कारण प्रत्येक ट्रॉलीची नोंद होतेच. भिंत रंगवण्याआधी एका रात्रीत आलेल्या शंभर ट्रॉल्यांपैकी किती जणींना मागून पट्टी दिसते ते मोजावं आणि पंधरा दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा मोजावं. आकडा हलला नाही तर कविता बदलण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला विचारावं, की पट्टी मिळते कुठे? बरेचदा ती तालुक्याच्या बाजारात, दिवसा उघड्या असलेल्या दुकानात असते आणि हा रात्री रांगेत असतो. तेव्हा पट्टीचं एक भेंडोळं, कात्री आणि धूळ पुसायला फडकं काट्यावरच्या कारकुनाकडे ठेवावं, आणि भिंतीवर चार ओळींखाली बारीक अक्षरात लिहावं: ‘पट्टी काट्यावर मिळेल.’ या ओळीला यमक नसलं तरी चालेल.