शौचाच्या रिपोर्टमधल्या तीन ठळक ओळी

समजा, 54 वर्षांच्या एक बाई आहेत. दोन-तीन महिन्यांपासून पोट बिघडलेलं, दिवसातून तीनचारदा जावं लागतं, अधूनमधून चिकट पडतं आणि हल्ली जिना चढला की दम लागतो. डॉक्टरांनी शौचाची तपासणी लिहून दिली. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. रंग तपकिरी, पातळसर, आव थोडी, पस सेल्स दोन-तीन, तांबड्या पेशी नाहीत. त्याखाली ठळक अक्षरांत तीन ओळी : ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह, एन्टअमीबा हिस्टॉलिटिकाची सिस्ट दिसली, फीकल कॅलप्रोटेक्टिन 142, नॉर्मल 50 च्या आत.

घरच्यांनी तिन्ही ओळींची बेरीज करून टाकली. अमीबा झाला, त्याने आतड्याला सूज आली, सुजेतून रक्त गेलं. मेट्रोनिडाझोलचा कोर्स केला की झालं. हिशेब इतका सरळ लागतो की कुणालाही पटावा. या बाईंच्या बाबतीत मात्र तो साफ चुकलेला आहे. उदाहरण मी रचलेलं आहे, पण असे कागद घेऊन लोक रोज दवाखान्यात बसलेले असतात.

आधी सिस्टची ओळ घेऊ, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोळ्या तिच्यापायी खाल्ल्या जातात.

लॅबमध्ये काचपट्टीवर एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब घेतात, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. प्रत्येकात काडीच्या टोकावर मावेल एवढंच शौच कालवतात, वर पातळ काच ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हालचाल करणारा जिवंत अमीबा मिठाच्या पाण्यात दिसतो. सिस्ट म्हणजे त्याची कवचबंद, झोपलेली अवस्था. ती गोल असते, साधारण 10 ते 20 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढी किंवा थोडी मोठी. आयोडीनमुळे तिच्यातली केंद्रकं उठून दिसतात. ती चारपर्यंत असली तर हिस्टॉलिटिका, आठपर्यंत असली तर एन्टअमीबा कोलाय, जो आतड्यात निरुपद्रवी राहतो. इतकं टेक्निशियनच्या डोळ्याला कळतं. गर्दीच्या लॅबमध्ये पस सेल्सनाही कधी अमीबा समजलं जातं, ते वेगळंच.

खरी अडचण पुढची आहे. हिस्टॉलिटिकासारखाच आणखी एक अमीबा आहे, एन्टअमीबा डिस्पार. दोघांच्या सिस्ट आकाराने, केंद्रकांनी, सगळ्याच बाबतीत तंतोतंत सारख्या दिसतात. पण डिस्पार आतड्याच्या अस्तराला हात लावत नाही आणि त्याच्यामुळे आजार होत नाही. एकसारखे दिसणारे असे दोन जीव असावेत, ही कल्पना एमिल ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1925 मध्येच मांडली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1993 मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी पुराव्यानिशी दोन जाती वेगळ्या केल्या. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की नुसत्या सूक्ष्मदर्शकावर अशी सिस्ट दिसली तर रिपोर्टमध्ये ‘हिस्टॉलिटिका/डिस्पार’ असं लिहावं, आणि लक्षणं नसलेल्या माणसाला केवळ तेवढ्यावरून औषध देऊ नये. अनेक छापील नमुन्यांत अजूनही एकटा हिस्टॉलिटिकाच असतो. माझ्या मते तो जिथे छापला जातो तिथे लॅब आपल्या डोळ्याला दिसतं त्यापेक्षा जास्त सांगते.

मग हिस्टॉलिटिका ओळखायचा कसा? हालणाऱ्या अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर संशय बळकट होतो. पण हे अमीबे शरीराबाहेर फार टिकत नाहीत. पातळ शौच अर्ध्या तासाच्या आत बघावं लागतं. घरून डबी नेणाऱ्या मुलाच्या पिशवीत ती तीन तास फिरली तर हालणारं काही सापडणार नाही, सिस्ट तेवढ्या उरतील. दुसरा मार्ग म्हणजे फक्त हिस्टॉलिटिकाचं प्रथिन पकडणारी अँटिजेन तपासणी किंवा पीसीआर. आणि उलटही घडतं. अमीबामुळे यकृतात गळू झालेल्या बऱ्याच रुग्णांच्या शौचात सूक्ष्मदर्शकाखाली काहीच सापडत नाही.

औषधाचीही एक गंमत आहे. मेट्रोनिडाझोल आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं. अस्तरात घुसलेल्या अमीबावर ते उत्तम चालतं, पण मोठ्या आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टपर्यंत पुरेसं पोचत नाही. त्यांच्यासाठी डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन लागतं. म्हणून कोर्स होतो, महिन्याने पुन्हा तपासणी होते, पुन्हा ‘सिस्ट दिसली’ येतं, पुन्हा तोच कोर्स. ‘मला वीस वर्षांपासून अमीबा आहे’ असं सांगणारी कितीतरी माणसं या चक्रातून तयार झालेली आहेत. त्यातल्या अनेकांच्या पोटात डिस्पार असेल आणि त्रास आतड्याच्या भलत्याच कारणाचा.

जंतांच्या अंड्यांची गोष्ट याहून सोपी आहे. अंकुशकृमीचं किंवा गोल जंताचं अंडं दिसलं तर जंत आहेत, त्यात दुमत नसतं. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यांच्यातल्या अँकिलोस्टोमा जातीचा एकेक जंत दिवसाला साधारण 0.2 मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. जंत शेकड्यांनी असले तर त्याने माणूस पांढरा पडतो. जिआर्डिया मात्र लपंडाव खेळतो. त्याच्या सिस्ट काही दिवस पडतात, काही दिवस पडत नाहीत. म्हणून संशय असेल तर एकाऐवजी दिवसाआड तीन नमुने द्यायला सांगतात.

आपल्या बाईंची अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली. सिस्ट डिस्पारची धरली गेली आणि औषध दिलं नाही.

आता कॅलप्रोटेक्टिन. हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. नॉर्वेत मॅग्ने फागेरहोल आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ते वेगळं केलं. आतड्याला सूज आली की या पेशी अस्तरातून पोकळीत उतरतात आणि त्यांच्याबरोबर हे प्रथिनही येतं. जंतूंच्या त्या गर्दीत ते सहज कुजत नाही, म्हणून शौचात मोजता येतं. आकडा म्हणजे एक ग्रॅम शौचातले मायक्रोग्रॅम. 50 च्या खाली असेल तर आतड्यात लक्षणीय सूज असण्याची शक्यता कमी, आणि महिनोन् महिने पोट बिघडलेल्या तरुण माणसाला बहुधा आयबीएस आहे असं धरून मोठ्या आतड्याची दुर्बीण टाळता येते. 250 च्या वर गेला तर अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्ससारखे आजार शोधावे लागतात. आपल्याकडे त्यात आतड्याचा क्षयही येतो, आणि क्रोन्स की क्षय हे हा आकडा सांगू शकत नाही. साधा जंतुसंसर्ग झाला तरी तो चढतो, आणि चार वर्षांखालच्या मुलांत मुळातच जास्त असतो.

या दोन आकड्यांच्या मधला पट्टा संदिग्ध, आणि बाईंचे 142 नेमके तिथेच. डॉक्टरांनी आधी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? गुडघ्यांसाठी चार महिने रोज डायक्लोफेनॅक चालू होतं, कुणी तरी सांगितलेलं, मेडिकलमधून आणलेलं. या जातीच्या वेदनाशामकांनी आतड्याला बारीक इजा होते आणि कॅलप्रोटेक्टिन वाढतं. आम्लपित्तासाठी घेतात त्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनीही थोडं वाढू शकतं. डायक्लोफेनॅक बंद केलं आणि चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासलं. त्याच लॅबमध्ये यासाठी, की वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. या वेळी आकडा 46 आला. पोटही बरंच ताळ्यावर आलं होतं.

इथे घरच्यांना वाटलं, संपलं. वेदनाशामकाचा दोष होता, तो गेला. पण पहिली ओळ शिल्लक होती.

ऑकल्ट ब्लड म्हणजे डोळ्याला न दिसणारं रक्त. निरोगी माणसाच्याही शौचातून दिवसाला एखादा मिलिलिटर रक्त जातं. शौच डांबरासारखं काळं व्हायला साधारण 50 ते 100 मिलिलिटर जावं लागतं. या दोन्हींच्या मधलं रक्त या तपासणीने पकडायचं असतं. रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी नाहीत आणि तरी रक्त पॉझिटिव्ह, यात विसंगती नाही. रक्त वरून आलं असेल तर वाटेत पेशी फुटून जातात, त्यातलं हीम उरतं. ग्वायाक या झाडाच्या राळेचा कागद आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून करतात ती जुनी तपासणी हे हीम शोधते. हीम असेल तर कागद निळा होतो. पण मटण-कलेजीतलं हीमही तेच करतं, आणि कच्च्या मुळ्यातली विकरंही. उलट, क्हिटॅमिन सीच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या चघळणाऱ्याच्या शौचात रक्त असूनही रंग उमटत नाही. म्हणून या पद्धतीत तीन दिवस आधीपासून पथ्य सांगतात, निदान सांगायला हवं. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं, पण त्याने कागद निळा होतो असं सहसा घडत नाही.

नवी पद्धत फिट या नावाने ओळखतात. ती मानवी हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन प्रतिपिंडाने पकडते. मटण-मुळ्याचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या चाळणीसाठी ती सरस आहे, आणि तिथे फिट पॉझिटिव्ह आली तर ती पुन्हा करून निगेटिव्ह येते का बघत बसायचं नसतं, मोठ्या आतड्याची दुर्बीण करायची असते. पण जठरातून निघालेलं ग्लोबिन वाटेत पचून जातं. म्हणजे जठरातल्या जखमेला फिट बहुतेक वेळा आंधळीच. रिपोर्टवर पद्धतीचं नाव नसेल तर लॅबला फोन करून विचारावं, नाहीतर त्या एका शब्दाचा अर्थ लागत नाही. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त पडत असताना नमुना देऊ नये, हेही बरेचदा सांगायचं राहतं.

बाईंचा नमुना जुन्या पद्धतीने तपासला होता आणि आदल्या दिवशी मुळ्याची कोशिंबीर झाली होती. घरच्यांनी फिट करून घेतली, ती निगेटिव्ह आली. सगळं मुळ्यावर ढकलायला जागा होती. डॉक्टर थांबले ते जिन्यावरच्या धापेमुळे. हिमोग्लोबिन 9.1 निघालं, फेरिटिन 8, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईचं लोह असं संपत असेल तर ते कुठून जातंय हे शोधावंच लागतं, शौचाच्या तपासणीचा निकाल काहीही असो. अशा वेळी जठराची आणि मोठ्या आतड्याची, दोन्ही दुर्बिणी करतात.

मोठं आतडं स्वच्छ होतं. जठराच्या खालच्या टोकाला सेंटिमीटरभर अल्सर होता, बराच जुना, कडेला रक्ताचे डाग. त्याचे तुकडे तपासायला गेले, कारण जठरातला कॅन्सरही कधीकधी साध्या अल्सरसारखा दिसतो. तुकड्यांत कॅन्सर नव्हता, हेलिकोबॅक्टर जंतूही नव्हता. पँटोप्राझोल आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, डायक्लोफेनॅक कायमचं बंद, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. आठ आठवड्यांनी पुन्हा जठराची दुर्बीण ठरली आहे, अल्सर पूर्ण भरला की नाही ते बघायला. तोवर दर महिन्याला फक्त हिमोग्लोबिन तपासायचं, शौच नाही.