गल्ल्यासमोरचा चेहरा ओळखू येईल का?

दहा फूट रुंद आणि वीस फूट खोल असं एक किराणा दुकान धरू. चार कॅमेऱ्यांचा संच घ्यायचा आहे. खोक्यावर २ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावरून चेहरा ओळखू येईल की नाही ते कळत नाही. नेहमीची २.८ मिलिमीटरची लेन्स फार रुंद बघते. मागच्या भिंतीवरून दाराकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात वीस फुटांवरचा चेहरा जेमतेम वीस पिक्सेल रुंद भरतो. अनोळखी माणूस खात्रीने ओळखायला साधारण चाळीस लागतात. म्हणून एक कॅमेरा गल्ल्याजवळ, गिऱ्हाईक सहा-सात फुटांवर येईल असा लावावा. तोही सात-आठ फूट उंचीवर. अगदी छताला लावला तर टोपी आणि डोकंच दिसतं.

दुसरी गोम डीव्हीआरमध्ये असते. स्वस्त डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये 1080N किंवा 1080P Lite दिसलं, तर रुंदीतले निम्मे पिक्सेल रेकॉर्डिंगमध्ये गळतात. कॅमेरा चांगला असूनही नंतर चेहरा धूसर निघतो. पैसे देण्यापूर्वी मिनिटभराचं रेकॉर्डिंग करून ते पूर्ण पडद्यावर पाहाच.

आता हार्डडिस्क. H.265 पद्धतीत २ मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर दिवसाला सुमारे २२ जीबी, चौघांना ८६ जीबी लागतात. १ टीबीची डिस्क दहा-अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागते. माल मोजायचा महिनाअखेरीला आणि चोरी झालेली पाच तारखेला, तर हाती काहीच उरत नाही. २ टीबीत तीन आठवडे मिळतात. गोदामाचा कॅमेरा फक्त हालचालीवर ठेवला की आणखी काही दिवस वाढतात. डिस्क मात्र सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, कारण कॉम्प्युटरची साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी नसते. डिस्क बिघडली तरी पडद्यावर चालू चित्र दिसतच राहतं. त्यामुळे महिन्यातून एकदा सर्वांत जुनी तारीख उघडून बघावी.

बसवणारा निवडताना मी किमतीपेक्षा त्याचं दुकान किती जवळ आहे ते आधी पाहीन. चारही कॅमेरे एकदम काळे पडले तर बहुधा वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस गेलेला असतो. एकच गेला तर बीएनसीचा जोड सैल झालेला असू शकतो. दोन्ही कामं किरकोळ, पण माणूस आठवडाभर आला नाही तर तेवढे दिवस रेकॉर्डिंग कोरंच राहतं. तो किती तासांत येईल, सुटा एसएमपीएस जवळ ठेवतो का आणि वर्षभराच्या करारात काय येतं, हे बिलावर लिहून घ्यावं. admin चा पासवर्ड मालकाने स्वतः बदलावा, घड्याळ बरोबर लावून घ्यावं आणि हवा तो तुकडा पेनड्राइव्हवर कसा काढायचा, हे त्याच्यासमोरच एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावं.