लोणारचे विवर बुजते तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर अनेकांनी पाहिलेले असते. काळ्या कातळात उल्का आदळून झालेला हा वर्तुळाकार खड्डा सुमारे १,८३० मीटर रुंद आहे आणि काठापासून त्याची खोली दीडशे मीटरच्या घरात जाते. तळाशी खारे सरोवर आहे. आत येणारे पाणी बाहेर जात नाही, ते उन्हात आटते आणि क्षार मागे ठेवते. सरोवर खारे आहे ते यामुळेच.

आता हेच विवर संगणकावर पाहू. अंतराळातून मोजलेल्या उंचीच्या फुकट मिळणाऱ्या नकाशात ते सुरेख दिसते. पण त्या नकाशावरून नद्या-ओढे काढायचे, पाणलोटाच्या सीमा आखायच्या, तर आधी एक संस्कार करण्याची प्रथा आहे: खळगे बुजवणे. हा संस्कार डोळे मिटून केला की लोणारचे विवर काठापर्यंत भरते. सुमारे तीन हजार चौकोनांची एक सपाट थाळी उरते आणि तिच्यावरून पाणी वाहत बाहेर पडताना दिसते. धारेचा प्रवाह ईशान्येच्या घळीतून आत येतो. काठाची सर्वांत खालची जागा तीच ठरली, तर नकाशात धार उलटीही वाहू लागेल.

संगणक बिघडलेला नसतो. त्याने सांगितलेलेच केलेले असते. नेमके काय सांगितले होते आणि त्यानंतर कोणत्या चुका शिल्लक राहतात, हा या लेखाचा विषय आहे.

ही उंची आली कुठून, ते आधी सांगतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्याच्यावर रडारचा एक अँटेना होता आणि साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरा. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, त्याच धर्तीवर दोन अँटेनांकडे परतलेल्या लहरींमधल्या फरकातून जमिनीची उंची काढली गेली. या मोहिमेचे नाव एसआरटीएम. जमीन सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. नव्वद टक्के ठिकाणी चूक सोळा मीटरच्या आत राहावी, असे उद्दिष्ट होते. डोंगर ओळखायला एवढे पुष्कळ झाले. पण दोन-तीन मीटर खोल ओढ्याचा मार्ग यातूनच काढायचा म्हटले, की गोष्ट अवघड होते.

रडार तिरके पाहते. उभ्या कड्याच्या पलीकडची बाजू त्याच्या सावलीत राहते आणि तिथे उंचीच मिळत नाही. मूळ नकाशात अशा चौकोनांत `-32768` हा आकडा असतो. त्याचा अर्थ खोल दरी असा नसून ‘माहिती नाही’ असा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर अशी रिकामी घरे घोळक्याने सापडतात. खळग्यांना हात लावण्याआधी ती भरावी लागतात. नाहीतर तो आकडा संगणकाला पाताळासारखा दिसू शकतो आणि आसपासचे सगळे ओढे तिथे जाऊन गडप होतात.

रिकामी घरे भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे कडेच्या ज्ञात उंचींवरून मधली उंची अंदाजाने बसवणे. चार-पाच चौकोनांची फट असेल तर हे चालते. पण फट कड्यावर असेल तर वरचा माथा आणि खालचा पायथा यांच्यामध्ये एक गुळगुळीत उतार तयार होतो, जणू कुणी सह्याद्रीला घसरगुंडी लावली आहे. याहून वाईट म्हणजे फट अरुंद दरीवर पडणे. दोन्ही काठ उंच असल्याने मधला तळही उंचच कल्पिला जातो. दरीत एक बंधारा उभा राहतो, जो प्रत्यक्षात कधीच नव्हता, आणि त्याच्या वरच्या अंगाला नवा खळगा जन्मतो. पुढच्या पायरीत तोही इमानेइतबारे बुजवला जातो. एका दुरुस्तीने केलेली चूक दुसऱ्या दुरुस्तीने झाकली, की नकाशा पाहणाऱ्याला दोन्हींचा पत्ता लागत नाही.

‘नासा’च्या नंतरच्या आवृत्तीत ही घरे मुख्यतः दुसऱ्या एका उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेल्या उंचीने भरली आहेत. त्यामुळे नकाशा सलग दिसतो. पण दोन मोजण्यांत काही मीटरचा फरक असेल तर सांध्यावर पायरी उमटते. कोणता चौकोन कुठून आला याची नोंद `SRTMGL1N` या नावाच्या जोडफायलीत मिळते. ती उघडून पाहणारे मला फारसे भेटलेले नाहीत. माझ्या मते कड्यांच्या प्रदेशात काम करणाऱ्याने आधी ती पाहावी आणि मग उंचीचा नकाशा.

आता खळगे. ज्या चौकोनाच्या आठही शेजाऱ्यांची उंची त्याच्याहून जास्त आहे, तिथे आलेले पाणी अडकते. आपल्याकडे पावसाने कोरलेल्या जमिनीत असे नैसर्गिक खळगे थोडेच असतात. नकाशात मात्र हजारो असतात, कारण मोजणीत दोन-चार मीटरची थरथर असते. बुजवण्याची रीत साधी आहे. नकाशाच्या कडेपासून आत यायचे, नेहमी सर्वांत खालच्या वाटेने. वाटेत जी सर्वांत उंच जागा ओलांडावी लागली, तिच्या खाली असलेला पुढचा प्रत्येक चौकोन त्या जागेइतका उंच करायचा. ती जागा म्हणजे त्या खळग्याचा सांडवा. वांग आणि लियू यांनी २००६ मध्ये मांडलेली अशी एक पद्धत आज अनेक प्रणालींत आहे.

या पद्धतीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. ती उंची फक्त वाढवते, कधीच कमी करत नाही. म्हणजे खड्डा दिसला की तो खोटा आणि अडथळा दिसला की तो खरा, असे तिने आधीच ठरवलेले असते. थरथर दोन्ही दिशांना असते, पण शिक्षा मात्र खड्ड्यालाच होते.

एक उदाहरण घेऊ. एक ओढा डावीकडून उजवीकडे वाहतो आहे आणि त्याच्या वाटेवरच्या चौकोनांची उंची अशी आहे: ५६२, ५६०, ५५९, ५६३, ५५८, ५५६. मधला ५६३ म्हणजे रेल्वेचा भराव. प्रत्यक्षात त्याच्या पोटात दगडी मोरी आहे आणि पाणी तिच्यातून बिनदिक्कत पलीकडे जाते. वरून पाहणाऱ्या रडारला मोरी दिसत नाही. समजा, वरच्या अंगाला एका बाजूला ५६१ मीटरवर बुटकी खिंड आहे आणि तिच्यापलीकडे दुसरा ओढा. खळगे बुजवले की ५६० आणि ५५९ हे दोन्ही चौकोन ५६१ होतात आणि पाणी भरावाकडे न जाता खिंडीतून शेजारच्या ओढ्यात उतरते. दोन चौकोन, दोन मीटर, बदल एवढाच. पण वरचे सगळे पाणलोट क्षेत्र एका गावाच्या ओढ्यातून काढून दुसऱ्याला दिले गेले. भरावाखाली बंधारा बांधायचा असेल तर कागदावर त्याला पाणीच नाही.

असाच एक नकाशा मी एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाहिला आहे. ओढा रुळांपाशी काटकोनात वळून पाऊण किलोमीटर रुळांच्या कडेने गेला होता. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना मी विचारले, तर ते म्हणाले, “तिथं मोरी हाय की, आमची गुरं तिच्यातनंच जात्यात.” नकाशातला हा काटकोन हीच चुकीची खूण. रस्ता, रूळ किंवा कालवा यांच्या कडेने सरळ धावणारा ओढा दिसला की आधी मोरी शोधावी.

इलाज बुजवण्याचा नसून खाच पाडण्याचा आहे. मोरीची जागा माहीत असेल तर ५६३ चा चौकोन ५५८.५ करावा. त्यासाठी फाइल आधी दशांशात बदलावी लागते. मग पाणी आपल्या वाटेने जाते आणि वरचे दोन चौकोन जसेच्या तसे राहतात. काही प्रणाली अशा खाचा आपोआप पाडतात, पण त्या कोणताही बांध फोडतात, धरणाची भिंतसुद्धा. म्हणून निर्णय माणसानेच घ्यावा.

कुठे निर्णय घ्यायचा, हे कळण्यासाठी मी एक सवय लावून घेतली आहे. बुजवलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा करायचा.

```
gdal_calc.py -A filled.tif -B dem.tif --calc="A-B" --outfile=depth.tif
```

उरते ती भरावाची जाडी. एक-दोन चौकोनांचे, मीटर-दोन मीटरचे ठिपके सर्वत्र विखुरलेले दिसतात. ती थरथर, तिला सोडून द्यावे. मोठे आणि खोल डाग मात्र एकेक करून सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहावेत. कुठे भराव निघतो, कुठे दगडखाण, कुठे तलावाचा बांध, कुठे आधीच्या पायरीत दरीत उभा राहिलेला खोटा बंधारा. आणि एखादा डाग लोणारसारखा गोल आणि कित्येक मजले खोल निघतो. तो खरा खळगा आहे, त्याला हात लावायचा नाही. ‘ग्रास’ या प्रणालीत खऱ्या खळग्यांचा वेगळा नकाशा देता येतो:

```
r.watershed elevation=dem depression=lonar accumulation=acc drainage=dir
```

मग पाणी विवरात उतरते आणि तिथेच थांबते.

हे सगळे नीट केले तरी काही चुका उरतातच, आणि त्या वजाबाकीत दिसत नाहीत. पहिली सपाटीची. वऱ्हाडातल्या पूर्णेच्या खोऱ्यासारख्या प्रदेशात जमीन किलोमीटरला मीटरभर उतरत असेल, तर ओळीने तीसेक चौकोनांना एकच आकडा मिळतो. बुजवलेल्या थाळ्यांवरही हेच होते. तिथे उताराची दिशा संगणक स्वतःच्या नियमाने ठरवतो. आखणीपट्टीने ओढाव्यात तशा समांतर सरळ रेषा दिसल्या, तर तो ओढा नव्हे, नियम आहे.

दुसरी झाडांची. हे रडार दाट झाडीच्या तळापर्यंत पोचत नाही, पानांच्या गर्दीत कुठेतरी परतते. त्यामुळे देवराई ही नकाशात टेकडी होते आणि ओढ्याच्या दोन्ही काठांची झाडी ओढ्याचे पात्रच उचलून धरते. तिसरी चौकोनाच्या आकाराची. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी काही ठिकाणी जेमतेम काही मीटर रुंद आहे. ३० मीटरच्या चौकोनात तिचा तळ आणि माथा एकत्र मिसळतात. माहिती रिकामी नसते, पण दरीही नसते.

आणि चौथी काळाची. हा नकाशा फेब्रुवारी २००० चा आहे. कोयनेच्या जलाशयाचा तळ त्यात नाही, त्या महिन्यातल्या पाण्याची सपाट पातळी आहे. त्यानंतर बांधलेल्या धरणांची भिंत त्यात नाही आणि त्यांच्या जलाशयाच्या जागी जुनी नदी अजून वाहते आहे, बुडालेल्या गावांच्या पांढरीशेजारून.