बिलातले तीस पैसे

मालाची किंमत १,२३५ रुपये. त्यावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी प्रत्येकी ९ टक्के, म्हणजे १११.१५ रुपये. बेरीज १,४५७.३०, ग्राहक देणार १,४५७. हे तीस पैसे विक्रीतून किंवा करातून कापू नयेत, नाहीतर विवरणपत्र जुळत नाही. त्यासाठी वहीत ‘राउंड ऑफ’ हे वेगळे खाते लागते. ग्राहकाच्या नावे १,४५७ आणि राउंड ऑफच्या नावे ०.३० टाका, विक्री व दोन्ही कर पूर्ण रकमेने जमा करा. बेरीज १,४५७.७० आली असती, तर बिल १,४५८चे होऊन तीस पैसे या खात्यात जमा झाले असते. रुपयापर्यंतच्या पूर्णांकनात एकही नोंद पन्नास पैशांहून मोठी नसते. तिथे एका नोंदीत बारा रुपये दिसले, तर कुणीतरी न जुळलेला हिशेब तिथे ढकलला आहे, असे मी खुशाल समजतो.