एका फटक्यात शून्य, की दोन?

मागच्या लेखात आपण केली-हॅमिल्टन प्रमेयापाशी थांबलो होतो. कुठलीही चौरस मॅट्रिक्स तिच्याच लक्षण-बहुपदीत x च्या जागी घातली, की उत्तर शून्य मॅट्रिक्स येते. आर्थर केलीने १८५८च्या निबंधात हे २×२ साठी करून दाखवले, ३×३ साठी पडताळल्याचे सांगितले, आणि रीतसर सिद्धतेचे कष्ट घ्यायची गरज वाटली नाही असे लिहून तो मोकळा झाला. सर्वसाधारण सिद्धता फ्रोबेनियसने १८७८ साली दिली. त्याच लेखात त्याने आणखी एक प्रश्न हाती घेतला: मॅट्रिक्सला शून्य करायला लक्षण-बहुपदी पुरते हे खरे, पण एवढी मोठी बहुपदी लागतेच का? तिच्याहून कमी कोटीची एखादी पुरणार नाही का?

काही वेळा पुरते. मॅट्रिक्सला शून्य करणाऱ्या बहुपदींपैकी सर्वांत कमी कोटीची, आणि जिच्या सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक 1 आहे, ती त्या मॅट्रिक्सची लघुतम बहुपदी. आजचा लेख तिच्यावर आहे. डायगोनलाइझ होण्याचा निकाल लक्षण-बहुपदी देऊ शकत नाही, तो हीच देते.

दोन मॅट्रिक्स शेजारी ठेवू.

```
      1  -1   1             2  -1   0
B =  -1   1   1       C =  -1   1   1
     -1  -1   3             0  -1   2
```

दोन्हींच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज 5, दोन्हींचा निश्चयक 4. लक्षण-बहुपदी काढली तर दोन्हींची एकच येते: x³ − 5x² + 8x − 4, म्हणजे (x − 1)(x − 2)². आयगेन व्हॅल्यू 1 एकदा, 2 दोनदा. लक्षण-बहुपदीच्या नजरेतून B आणि C मध्ये काडीचाही फरक नाही.

आता 2 चे आयगेन सदिश शोधू. B मधून 2I वजा केले की तिन्ही ओळी सारख्याच होतात: −1, −1, 1. म्हणजे अट एकच उरते, x + y = z. एक आख्खे प्रतल मिळाले आणि त्यात (1, 0, 1) आणि (0, 1, 1) हे दोन स्वतंत्र सदिश आहेत. आयगेन व्हॅल्यू 1 चा सदिश (1, 1, 1). एकूण तीन झाले, B डायगोनलाइझ होते. C च्या बाबतीत मात्र C − 2I च्या ओळी (0, −1, 0), (−1, −1, 1), (0, −1, 0) अशा येतात. पहिली ओळ y = 0 सांगते, दुसरी मग z = x. हाती एकच दिशा लागते, (1, 0, 1). 1 चा सदिश धरून दोनच झाले, तिसरा कुठूनही येत नाही.

हे सगळे आयगेन सदिश शोधून कळले. लघुतम बहुपदी हेच दुसऱ्या वाटेने सांगते, आणि कारणासकट सांगते.

आधी उमेदवार किती ते बघू. मॅट्रिक्सला शून्य करणाऱ्या प्रत्येक बहुपदीला लघुतम बहुपदीने निःशेष भाग जातो, कारण बाकी उरली असती तर तीही मॅट्रिक्सला शून्य करणारी आणि आणखी कमी कोटीची ठरली असती. म्हणून लघुतम बहुपदी हा लक्षण-बहुपदीचा अवयव असतो. उलट बाजूने, m ही A ची लघुतम बहुपदी, λ ही A ची आयगेन व्हॅल्यू आणि v हा त्या व्हॅल्यूचा सदिश असेल, तर m(A)v म्हणजे m(λ)v. डावी बाजू शून्य, v शून्य नाही, म्हणून m(λ) = 0. म्हणजे लक्षण-बहुपदीचे एकही मूळ लघुतम बहुपदीतून गळत नाही. गळू शकतात त्या फक्त मुळांच्या पुनरावृत्ती. आपल्या उदाहरणात उमेदवार दोनच उरले: (x − 1)(x − 2) किंवा पूर्ण (x − 1)(x − 2)². एक गुणाकार केला की निकाल.

B साठी तो तोंडी होतो. B − 2I चा प्रत्येक स्तंभ (1, 1, 1) च्या पटीत आहे, आणि B − I च्या प्रत्येक ओळीची बेरीज शून्य आहे. म्हणून (B − I)(B − 2I) = 0. C साठी गुणाकार असा येतो:

```
                     1   0  -1
(C - I)(C - 2I)  =   0   0   0
                     1   0  -1
```

शून्य नाही. म्हणून B ची लघुतम बहुपदी (x − 1)(x − 2), आणि C ची मात्र पूर्ण (x − 1)(x − 2)².

इथे प्रमेय असे: मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते ती तेव्हाच, जेव्हा तिची लघुतम बहुपदी एकघाती अवयवांत पूर्ण फुटते आणि एकही अवयव दोनदा येत नाही. पुस्तकात याची सिद्धता बरीच लांबते. आपल्या उदाहरणात ती एका ओळीची आहे, आणि ती ओळ समजली की बाकीचा तपशील आपोआप जागेवर बसतो. ती अशी: 1 = (x − 1) − (x − 2). शाळेतल्या मुलालाही यात काही विशेष वाटणार नाही. आता x च्या जागी B घाला आणि कुठल्याही सदिश v वर लावा:

v = (B − I)v − (B − 2I)v

पहिल्या तुकड्याला B − 2I ने गुणा. (B − 2I)(B − I) शून्य आहे हे आपण आत्ताच पाहिले, म्हणजे हा तुकडा 2 चा आयगेन सदिश आहे (किंवा स्वतःच शून्य). दुसऱ्या तुकड्याला B − I ने गुणले तरी शून्यच, म्हणून तो 1 चा. कुठलाही सदिश घ्या, तो आयगेन सदिशांत फुटतो. डायगोनलाइझ होणे म्हणजे याहून वेगळे काही नाही. v = (1, 0, 0) घेऊन बघा: पहिला तुकडा (0, −1, −1), दुसरा (1, 1, 1). B ने गुणल्यावर पहिला (0, −2, −2) होतो, दुसरा होता तसाच राहतो.

मुळे दोनऐवजी पाच असली तर 1 चे पाच तुकडे करावे लागतात. ते लाग्रांजच्या अंतर्वेशनाच्या सूत्राने होतात, आणि त्या सूत्रात मुळांमधले फरक छेदात असतात. दोन मुळे सारखी असली की छेद शून्य होतो. पुनरावृत्ती नको ही अट नेमकी इथून येते.

उलट दिशा सोपी आहे. आयगेन सदिशांचा पाया असेल, तर प्रत्येक वेगळ्या मुळाचा एकेक अवयव घेऊन केलेला गुणाकार पायातल्या प्रत्येक सदिशाला शून्य करतो, म्हणून तो सगळ्यांनाच शून्य करतो.

C मध्ये बिघडते कुठे, ते p = (1, −1, 0) या सदिशावर स्वच्छ दिसते. त्याला C − 2I ने एकदा गुणले की w = (1, 0, 1) मिळतो, शून्य नाही. पुन्हा गुणले की शून्य. 2 च्या अवयवाचे दोन फटके लागले, म्हणून लघुतम बहुपदीत तो अवयव वर्गासह बसला. याचा परिणाम घातांत उमटतो. Cp = 2p + w, आणि असेच पुढे जात Cⁿp = 2ⁿp + n·2ⁿ⁻¹w. दहाव्या घाताला 1024p + 5120w. त्या पुढे आलेल्या n मुळेच C ला कुठल्याही पायात नुसत्या कर्णावर बसवता येत नाही. कर्ण-मॅट्रिक्सच्या घातांत 2ⁿ आणि 1 असतात, n·2ⁿ⁻¹ कुठून येणार?

एक गैरसमज इथेच मोडून काढलेला बरा, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो हमखास भेटतो. लक्षण-बहुपदीत पुनरावृत्ती दिसली की मॅट्रिक्स डायगोनलाइझ होत नाही, असे लिहिले जाते. B त्याला उत्तर आहे. त्याचा धाकटा भाऊ असा, की दोन्ही बहुपदी एकच निघाल्या म्हणजे काहीतरी बिनसले. तेही नाही: आयगेन व्हॅल्यू 1, 2, 3 असतील तर दोन्ही बहुपदी सारख्याच येतात आणि मॅट्रिक्स निमूटपणे डायगोनलाइझ होते. पाहायचे ते फक्त लघुतम बहुपदीतली पुनरावृत्ती.

या प्रमेयाचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग वेगळाच आहे. लघुतम बहुपदी नेमकी कोणती हे माहीत असण्याचीही गरज नसते. मॅट्रिक्सला शून्य करणारी, एकघाती अवयवांत पूर्ण फुटणारी आणि पुनरावृत्ती नसलेली कुठलीही एक बहुपदी सापडली की पुरे, कारण लघुतम बहुपदी तिचा अवयवच असणार. A² = A असेल तर x(x − 1). A² = I असेल तर (x − 1)(x + 1). शंभर ओळींची मॅट्रिक्स असली आणि तिच्यातली एकही संख्या माहीत नसली, तरी एवढ्यावर निकाल देता येतो. क्रम बदलणाऱ्या मॅट्रिक्ससाठी कुठला तरी घात I होतोच, म्हणजे xᵏ − 1 तिला शून्य करते. या बहुपदीची मुळे संमिश्र संख्यांत सगळी वेगळी असतात, म्हणून ती मॅट्रिक्स संमिश्र संख्यांवर डायगोनलाइझ होते.

‘संमिश्र संख्यांवर’ हे शब्द गाळून चालत नाही. 90 अंशांत फिरवणाऱ्या मॅट्रिक्सची लघुतम बहुपदी x² + 1. वास्तव संख्यांत ती फुटतच नाही, म्हणून तिथे निकाल नकारार्थी. आणि जिथे 1 + 1 = 0 आहे अशा, फक्त 0 आणि 1 च्या दुनियेत x² − 1 म्हणजे (x − 1)². तिथे पहिली ओळ (1, 1) आणि दुसरी (0, 1) असलेल्या मॅट्रिक्सचा वर्ग I आहे, तरीही ती डायगोनलाइझ होत नाही.

संगणकावर हे तपासताना एक सावधगिरी हवी. दशांशात हिशोब करणाऱ्या फंक्शनला C दिली, तर दोनदा येणारी 2 बहुतेक वेळा जराशी फाटून दोन वेगळ्या संख्या म्हणून बाहेर येते. आणि आयगेन व्हॅल्यू वेगळ्या दिसल्या की मॅट्रिक्स डायगोनलाइझ होते असेही वाटते. खूण अशी, की त्या दोन संख्यांचे आयगेन सदिश जवळजवळ एकाच दिशेचे येतात. पूर्णांकांची मॅट्रिक्स असेल तर हिशोब पूर्णांकांतच ठेवावा:

```python
from sympy import Matrix, eye
C = Matrix([[2,-1,0],[-1,1,1],[0,-1,2]])
print((C - eye(3))*(C - 2*eye(3)))
```

शून्य मॅट्रिक्स आली नाही, तर वाद संपला.

डायगोनलाइझ होते की नाही एवढ्यापुरताच लघुतम बहुपदीचा शब्द अखेरचा आहे. मॅट्रिक्स त्यापलीकडे कशी दिसते, हे ती दर वेळी सांगत नाही. ३×३ पर्यंत लक्षण-बहुपदी आणि लघुतम बहुपदी मिळून पूर्ण ओळख पटते. ४×४ मध्ये मात्र (x − 2)⁴ आणि (x − 2)² ही एकच जोडी असलेल्या दोन अशा मॅट्रिक्स आहेत, की पाया कितीही बदलला तरी एकीची दुसरी होत नाही. एकीत 2 चे दोन स्वतंत्र आयगेन सदिश आहेत, दुसरीत तीन. पुढच्या आठवड्यात जॉर्डनच्या ठोकळ्यांकडे वळू, तोवर या दोन मॅट्रिक्स वाचकांनी स्वतः लिहून पाहाव्यात.