‘र’ आला, आता फळ कोणतं?

‘नाव, गाव, फळ, फूल’ या खेळात एक जण मनात मुळाक्षरं म्हणतो, दुसरा ‘स्टॉप’ म्हणतो आणि ज्या अक्षरावर गाडी थांबते त्यावरून सगळे रकाने भरायचे असतात. ‘ण’ किंवा ‘ळ’ आला तर पुन्हा म्हणायचं, कारण त्यांनी सुरू होणारे शब्द मराठीत जवळजवळ नाहीतच. नेहमीच्या हिशेबात वेगळ्या उत्तराला 10 गुण, दोघांचं सारखं आलं तर 5.

समजा, ‘र’ आला. फळ म्हटलं की रामफळ आठवतं, पण ते सगळ्यांनाच आठवतं. शिवाय एकदा आठवलं की तेच पुन्हा पुन्हा समोर येतं आणि दुसरं काही सुचू देत नाही. अशा वेळी रकाना सोडून पुढे जावं आणि परत येताना बाराखडी धरावी. गावांसाठी ‘रा’वर राजापूर, ‘रे’वर रेणापूर, ‘रो’वर रोहा सापडतं. नुसत्या ‘र’वर अडलेल्या मनाला स्वर बदलला की नवी वाट मिळते.

दुसरी युक्ती ठिकाणाची. ‘र’चं फळ न शोधता कोकणातलं परसदार डोळ्यांपुढे आणलं, तर आमसुलं ज्याची करतात तो रातांबा हाती लागतो. गुण पूर्ण 10!

प्राण्यांत ‘रान’ जोडून रानडुक्कर, रानमांजर सहज जमतात. ‘रानउंदीर’ लिहिला की मात्र भांडण ठरलेलं, म्हणून असली जोड चालणार का, हे डावाआधीच ठरवलेलं बरं.