अर्ज-विनंती : भाग 6
चालू कर्जाचा व्याजदर कमी करून मागताना

बँकेच्या शाखेत दर महिन्याला असे अर्ज येतात: ‘मी गेली पाच वर्षे नियमित हप्ते भरत आहे, तरी माझा व्याजदर कमी करावा ही नम्र विनंती.’ शाखेतला अधिकारी तो वाचतो, ‘बघतो’ म्हणतो आणि अर्ज फायलीला लागतो. अर्जात खोटं काही नसतं. पण वेळेवर हप्ता भरणं हे करारातच लिहिलेलं आहे, त्यासाठी बँक वेगळं बक्षीस कशाला देईल? शिवाय ‘व्याजदर कमी करा’ म्हणताना त्यातला नेमका कोणता भाग कमी करायचा, हे अर्जदाराने सांगितलेलं नसतं. या भागात आपण गृहकर्जाचं उदाहरण घेऊन तेवढंच पाहू.

दर दोन तुकड्यांचा असतो

ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडलेली असतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला आहे. रेपो अधिक स्प्रेड म्हणजे तुमचा व्याजदर. रेपो खाली आला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही खाली यायला हवा. त्यासाठी अर्जाची गरज नाही. अर्ज करायचा तो स्प्रेडसाठी.

या स्प्रेडमध्येही दोन भाग असतात. पहिला जोखमीचा: हा माणूस कर्ज बुडवण्याची शक्यता किती, यावर ठरलेला. दुसरा बँकेच्या कामकाजाच्या खर्चाचा आणि नफ्याचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जोखमीचा भाग ग्राहकाच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झाला तरच, आणि करारात ठरल्याप्रमाणे, बदलता येतो. दुसरा भाग बँक तीन वर्षांतून एकदा बदलू शकत होती. ऑक्टोबर 2025 पासून यात सूट मिळाली आहे. ग्राहक टिकवण्यासाठी, सबळ कारण असेल आणि सर्वांना सारखा न्याय लावला जात असेल, तर तीन वर्षं होण्याआधीही बँक हा भाग कमी करू शकते.

आता स्वच्छ परतफेडीचं वजन कुठे पडतं ते दिसेल. ती जोखमीच्या भागाला थेट लागू पडते. दुसऱ्या भागासाठी ती पुरेशी नाही. तिथे ‘दुसरी बँक मला आनंदाने घेईल’ हे दाखवावं लागतं, आणि स्वच्छ नोंदीमुळे त्या बोलण्याला वजन येतं. म्हणून चांगल्या अर्जात दोन मागण्या असतात, एक झाली नाही तर दुसरी.

कर्ज 2019 च्या आधीचं असेल आणि मंजुरीपत्रावर एमसीएलआर किंवा बेस रेट लिहिलं असेल, तर आधी रेपोवर बदली मागा. विनाशुल्क मुदतपूर्व फेड करू शकणाऱ्या कर्जदाराला वाजवी कायदेशीर किंवा प्रशासकीय खर्च सोडून फी न घेता बदली देण्याचे निर्देश बँकांना आहेत. गृहवित्त कंपन्या आणि पतसंस्था यांना हा रेपो-जोडणीचा नियम लागू नाही. तिथे दर संस्थेच्या स्वतःच्या धोरणावर ठरतो, त्यामुळे अर्जात नियमाचा हवाला देऊन उपयोग होत नाही.

अर्जाआधी आपलीच नोंद तपासा

‘आमचा एकही हप्ता चुकलेला नाही’ असं आपण म्हणतो, पण बँक तुमचं म्हणणं नव्हे, पतअहवाल पाहते. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्यागणिक चौकटी असतात आणि हप्ता किती दिवस उशिरा आला तो आकडा प्रत्येक चौकटीत असतो. 000 म्हणजे वेळेवर. पगार दोन दिवस उशिरा झाला, खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला आणि तुम्ही चार दिवसांनी भरला, तर ते तुम्ही विसरलेले असता; बँकेच्या खातेउताऱ्यावर मात्र दंडासह नोंद असते.

दुसरी अडचण जामिनाची. मेहुण्याच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर ते कर्ज तुमच्या अहवालातही दिसतं. त्याने हप्ते थकवले, तर तुमचा स्वच्छपणा तिथेच संपतो. तिसरी अडचण जुन्या क्रेडिट कार्डाची: बंद केलं असं समजून सोडून दिलेलं आणि वार्षिक शुल्काच्या दोन-तीनशे रुपयांनी थकीत दिसणारं कार्ड. कर्ज पतीपत्नीच्या नावावर असेल तर दोघांचेही अहवाल पाहा. यातलं काही सापडलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्ज करा.

एक उदाहरण

कोल्हापूरच्या एका शिक्षिकेचं कर्ज समजा. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, रेपो दर तेवढा खरा. डिसेंबर 2020 मध्ये 36 लाख रुपये, 20 वर्षांसाठी. त्या वेळी रेपो 4.00 होता आणि दर 7.40, म्हणजे स्प्रेड 3.40. तोवर त्यांनी कधी कर्ज घेतलेलंच नव्हतं, पतगुण नव्हते, म्हणून जोखमीचा भाग चढा लागला. पुढे रेपो 6.50 पर्यंत गेला आणि डिसेंबर 2025 मध्ये 5.25 वर आला. आज त्यांचा दर 8.65, शिल्लक 32 लाख, मुदत 15 वर्षे, हप्ता सुमारे 31,794 रुपये. त्यांचे पतगुण आता 790 आहेत. त्यांचीच बँक असे गुण असलेल्या नव्या ग्राहकाला 7.65 ने कर्ज देते, म्हणजे स्प्रेड 2.40.

एका टक्क्याचा फरक हप्त्यात धरला तर तो 29,938 वर येतो, महिन्याला साधारण 1,856 रुपये वाचतात. पण हप्ता 31,794 तसाच ठेवला तर 180 ऐवजी 162 हप्त्यांतच कर्ज फिटतं, शेवटचा हप्ता तर अर्धाच. एकूण सुमारे 5 लाख 88 हजार वाचतात. हप्ता कमी केला तर वाचतात साधारण 3 लाख 34 हजार. घरखर्च झेपत असेल तर मुदत कमी करून मागणं फायद्याचं, म्हणून अर्जातच तसं लिहावं.

अर्ज असा:

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक, … बँक, … शाखा
>
> दिनांक : … जानेवारी 2026
>
> विषय : गृहकर्ज खाते क्र. … वरील स्प्रेड कमी करण्याबाबत
>
> महोदय,
>
> वरील कर्ज डिसेंबर 2020 मध्ये रेपो अधिक 3.40 टक्के या दराने मंजूर झाले. डिसेंबर 2025 अखेर सर्व 60 हप्ते ठरल्या तारखेस जमा झाले असून एकही हप्ता परत गेलेला नाही. मंजुरीच्या वेळी माझा पतइतिहास नव्हता. आज माझे पतगुण 790 आहेत. अहवाल सोबत जोडला आहे.
>
> आपल्या बँकेच्या प्रसिद्ध दरपत्रकानुसार याच श्रेणीतील नव्या ग्राहकास रेपो अधिक 2.40 टक्के दराने गृहकर्ज दिले जाते. दरपत्रकाची प्रत जोडली आहे.
>
> तरी विनंती की,
> 1. माझ्या पतमूल्यांकनाचा फेरआढावा घेऊन स्प्रेडमधील जोखमीचा भाग आजच्या श्रेणीप्रमाणे करावा.
> 2. ते शक्य नसल्यास, ग्राहक टिकवण्यासाठी स्प्रेडचे इतर घटक कमी करण्याची जी मुभा ऑक्टोबर 2025 पासून बँकांना आहे, तिचा विचार करून एकूण स्प्रेड 2.40 टक्के करावा.
> 3. दर कमी झाल्यास हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी.
>
> हा निर्णय शाखेच्या अधिकारात नसल्यास अर्ज आपल्या शिफारशीसह मंजुरी अधिकाऱ्याकडे पाठवावा व निर्णय, तसेच लागणारे शुल्क असल्यास त्याचा तपशील, मला लेखी कळवावा.
>
> आपली विश्वासू,
> (सही)

अर्जात ‘अन्यथा मी कर्ज दुसरीकडे नेईन’ हे वाक्य नाही. ते लिहायचं असेल तर सोबत दुसऱ्या बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हवं. नुसती धमकी वाचणाऱ्याला रोजच्या सवयीची असते. मंजुरी अधिकाऱ्याकडे शिफारशीसह पाठवण्याचं वाक्य मात्र गाळू नका. बऱ्याच बँकांत स्प्रेड बदलण्याचा अधिकार शाखेला नसतो, तो कर्ज प्रक्रिया केंद्राकडे किंवा विभागीय कार्यालयाकडे असतो. ते वाक्य नसेल तर शाखेकडे ‘आमच्या हातात नाही’ हे खरं उत्तर तयार असतं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका.

उत्तर आल्यावर

साधारण तीन प्रकारची उत्तरं येतात. ‘होत नाही’ असं तोंडी सांगतात. तेव्हा तेच लेखी मागा. लेखी नकार लिहिताना कारण द्यावं लागतं आणि कधी कधी त्यातूनच निर्णय बदलतो. किंवा ‘शुल्क भरा, दर कमी करतो’ असं सांगतात. वरच्या उदाहरणात महिन्याला 1,856 रुपये वाचत असतील तर पाच-सात हजारांचं शुल्क चार महिन्यांत वसूल होतं. किंवा अर्ध्या वाटेवर येतात, 0.40 किंवा 0.50 कमी करतात.

तिसऱ्या बाबतीत डोळ्यात तेल घालून पाहायची एक गोष्ट आहे. अर्ज केल्यानंतर दर 0.25 ने कमी झाला, पण त्याच तिमाहीत रेपोही 0.25 ने उतरला होता, तर बँकेने तुम्हाला काहीच दिलेलं नाही. तो फरक अर्ज न करताही मिळणारच होता. म्हणून दर नव्हे, स्प्रेड पाहा: नव्या दरातून त्या दिवशीचा रेपो वजा करा. 3.40 च्या खाली आकडा आला तरच अर्जाचं फळ मिळालं. नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात मुदत खरोखर कमी झाली आहे ना, ते हप्त्यांची संख्या मोजून पाहा.

नकारच आला तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. खर्च नव्या बँकेचा असतो: प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि महाराष्ट्रात तारणाच्या दस्ताचं मुद्रांक शुल्क. शिक्षिकेच्या उदाहरणात हे सगळं 30 हजार रुपये धरलं, तर सोळा-सतरा महिन्यांत निघून येतं आणि पुढची तेरा-चौदा वर्षं निव्वळ बचत. कर्जाची दोन-तीन वर्षंच उरली असतील तर मात्र व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो. तेव्हा ही खटपट करू नये.

मर्यादाही लक्षात असू द्या. स्प्रेड किती लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे. तो पटला नाही म्हणून लोकपालाकडे दाद लागत नाही. पण तक्रार लेखी नोंदवून 30 दिवसांत उत्तरच मिळालं नाही, किंवा रेपो उतरूनही ठरल्या मुदतीत दर बदलला नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि तिची तक्रार लोकपालाकडे करता येते. त्या दिवशी आवक शिक्क्याची प्रतच पहिली जोडावी लागते.

(पुढील भाग : कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं परत मागण्याचा अर्ज)